फवारणी जुलैत, मुदत मे महिन्यात

रिसोड तालुक्यातला शेतकरी सोयाबीनची बॅग घेताना दुकानदाराचा जीव मेटाकुटीला आणतो. पिशवीवरची तारीख पाहतो, उगवणशक्तीचा टक्का वाचतो, पक्कं बिल मागतो. बी नाही उगवलं तर तक्रारीला लेबल आणि बिल लागतं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तोच माणूस रात्री खाटेवर पडून मोबाईलवर दोन मोटरींचा बॅटरी पंप पाहतो, ‘आज रात्री बारापर्यंतच’ हे शब्द वाचतो आणि बोट दाबून मोकळा होतो. किमतीच्या खाली बारीक अक्षरांत ‘सात दिवस, फक्त बदली’ असं लिहिलेलं असतं. पण ते वाचायला थांबलं तर बारा वाजतील ना!

ही गोष्ट एकाची नाही, अनेकांची मिळून झाली आहे. पंप मे महिन्यातल्या सेलमध्ये मागवला. गावापर्यंत कुरिअर येत नाही म्हणून पत्ता दिला रिसोडच्या भाच्याच्या दुकानाचा. १६ मे रोजी भाच्यानं ओटीपी सांगून खोकं घेतलं आणि त्याच क्षणी घड्याळ सुरू झालं. मामा लग्नसराईत गुंतले होते. खोकं गावात आलं २२ तारखेला आणि दुसऱ्या दिवशी मुदत संपली. तोवर खोक्याची चिकटपट्टीही निघाली नव्हती. काढायची तरी कशाला? फवारणीला अजून दीड महिना होता.

जुलैत टाकीत पाणी आणि औषध भरून बटण दाबलं, तर मोटर घरघरली आणि नोझलमधून थेंब थेंब पडू लागले. अ‍ॅप उघडलं, तर परतीचं बटण गायब. ‘काऊन बाप्पा, कालपर्यंत तर होतं,’ मामा म्हणाले. काल नव्हतंच, मे महिन्यात होतं. मुदत डिलिव्हरीच्या दिवसापासून मोजतात, पहिल्या वापरापासून नाही. कंपनीच्या हिशोबात खरीप हंगाम नसतो.

आता त्या बारीक अक्षरांकडे वळू. ‘परत’ म्हणजे पैसे परत. ‘फक्त बदली’ म्हणजे वस्तू खराब, तुटकी किंवा भलतीच निघाली तरच तसलीच दुसरी मिळणार. आवडली नाही किंवा जड वाटली, ही कारणं तिथं चालत नाहीत. काही वस्तूंना खोकं उचलायच्या आधी कंपनीचा कारागीर येऊन दोष खरा की खोटा ते ठरवतो. त्याची वाट पाहण्यात दोन दिवस गेले, तरी तक्रार मुदतीत नोंदवलेली असली म्हणजे झालं. ‘परत न होणारं’ या खात्यात आतले कपडे, खाण्याच्या वस्तू, बियाणं असा माल असतो. शिवाय तीच वस्तू दुसऱ्या विक्रेत्याकडून घेतली, तर अटही वेगळी असू शकते. म्हणून आधीच्या वेळी वाचलं होतं, हे कारण पुरत नाही.

आपल्याकडे मात्र ‘परत न होणारं’ हे शब्द ब्रह्मवाक्य समजतात आणि फुटकी बाटली आली तरी गप्प बसतात. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळा निघाला, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा, हेही तिथंच लिहिलंय. तिथं नाही भागलं तर १९१५ ही हेल्पलाइन आहे. त्यापुढं ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं राहत्या जिल्ह्यात दावा लावता येतो, म्हणजे वाशिमच्या माणसाला कंपनीच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. पण तिथं पहिला प्रश्न हाच येणार: दोष कधी दिसला, आणि पुरावा काय?

म्हणून पंप आला त्याच दिवशी, मे असो की दिवाळी, अंगणात साधं पाणी भरून चालवायचा. चार्जर लावला की दिवा लागतो का, नळीच्या जोडावर गळती आहे का, हे पाहायचं. फवारणीचा खटका बंद केला की दाब भरून मोटर थांबली पाहिजे. सारखी सुरू-बंद होत राहिली तर कुठेतरी गळतंय. खोकं उघडताना पत्त्याच्या चिठ्ठीसकट व्हिडिओ काढायचा. औषध मात्र टाकीत घालायचं नाही. वास येणारा पंप कुरिअरवाला कशाला उचलेल?

भाच्यानं हे सगळं ऐकलं आणि मान डोलावली. ‘पण मामा, बदलीसाठी मूळ खोकं लागते, चार्जरसकट.’ मामी आतून म्हणाल्या, खोक्यात कोंबडी अंड्यावर बसली आहे, एकवीस दिवस कोणी हात लावायचा नाही.