पन्नास पैशांचे हेर

आमचे हे फौजेत. बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरमध्ये तयार झाले आणि मग जे गेले ते थेट ५६ एपीओला. हे कुठलं गाव, असं गल्लीतल्या बायका अजून विचारतात. गाव नाहीच ते. पाकिटावर नाव, पलटण, ५६ एपीओ आणि ९ ने सुरू होणारा पिन एवढंच लिहायचं, पुढं फौजेचं टपाल खातं बघतं. म्हणजे नवरा नक्की किती लांब आहे हे मला माहीत नाही, आणि पार्सल किती दिवसांत पोचेल हे कुणालाच माहीत नाही.

यांचा वाढदिवस १८ जुलैला. शिलाईतून बाजूला पडलेले ३०० रुपये हातात. पहिला विचार कुंद्याचा. बेळगावचा कुंदा म्हटलं की यांचा चेहरा उजळतो! पण सासूबाई म्हणाल्या, "दुधाचं हाय ते. पावसाळ्यात वाटंतच बुरशी धरंल, पेटीसकट पुरायला लागंल." मुद्दा बरोबर होता, फक्त वाढदिवसाच्या बेतात पुरण्याची भाषा मला रुचली नाही.

मग चटणी ठरली. आमच्याकडं चटणी म्हणजे कांदा-लसणाची, वर्षाची. चैत्रात संकेश्वरी मिरची तिखटाला, ब्याडगी रंगाला, कांदा कुरकुरीत तळून, सुकं खोबरं, तीळ, धने, लसूण असं सगळं डंकावर कुटून आणलेलं. कांद्यात ओल राहिली की चटणीला वास येतो. यंदाची चांगली उतरली होती, डबा उघडला की शेजारच्या घरात शिंक ऐकू यायची. घर जवळ आणायचं तर त्या शिंकेइतकं जवळचं काय असणार?

आता पाठवायची कधी? उशिरा पोचली तर वाढदिवस हुकणार. म्हणून मी आधी हेर पाठवले. पन्नास पैशांची तीन पोस्टकार्डं, १, ४ आणि ८ जूनला. यांना फोनवर सांगितलं, "अहो, कार्ड आलं की तारीख सांगा, बाकी काही विचारू नका." पोस्टकार्डावर प्रेम लिहायची सोय नाही, पोस्टमनपासून सुभेदारापर्यंत सगळे वाचतात. म्हणून मी आपलं पाऊस, म्हैस, लाईट असलं लिहिलं.

पहिलं ९ दिवसांत पोचलं, दुसरं १४. तिसरं पोचलंच नाही. मी जास्तीचे १४ धरले, वर आठवडा पावसाला, आणि हिशेब २७ जूनवर आणला. तिसरा हेर शहीद झाला असं धरून चालले.

बांधणी हा खरा खेळ. चटणीला तेल सुटतं, आणि एक पिशवी फुटली की अख्खं पोतं तिखट. अर्धा किलो चटणी जाड पिशवीत भरली, हवा दाबून काढली, तोंड हॅकसॉच्या पात्यावर दुमडलं आणि पात्याबाहेर राहिलेली कड मेणबत्तीच्या ज्योतीवरनं फिरवली. ज्योत जवळ गेली तर भोक पडतं, लांब राहिली तर चिकटत नाही. मग बादलीत बुडवून दाबायची. बुडबुडा आला की गळकी. माझ्या पहिल्या दोन्ही पिशव्यांनी बुडबुडे काढले. तिसरी गप्प बसली. तिच्यावर दुसरी पिशवी चढवली.

वरनं गुंडाळायला हातभर वाकळ शिवली, सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची आणि माझ्या पहिल्या दिवाळीच्या साडीची. पुढं ती उशाला घेता येईल, असा माझा गुपचूप बेत. सासूबाईंनी चाळीस वर्षं बिड्या वळल्यात. त्यांनी दोरा असा करकचून मारला की बॉक्स हलवला तरी आत काही हललं नाही. बॉक्स मेडिकलवाल्याचा, फुकटचा.

पोस्टात विचारलं, "अक्का, आत पातळ काय नाही ना?" म्हटलं, "नाही, पण तुम्ही वास घेऊ नका." त्यांनी घेतलाच.

पार्सल ११ दिवसांत, म्हणजे ८ जुलैला पोचलं. चांगलं दहा दिवस आधी. वाढदिवसापर्यंत उघडू नका, असं बजावलं होतं; पण वास बॉक्सबाहेर आला आणि बरॅकमध्ये पंजाबी, गढवाली सगळे जमले. चार दिवसांत पिशवी चाटूनपुसून साफ. "वाकळ कुणी खाल्ली नाही," असं यांनी कळवलं, ते सांत्वन म्हणून.

१८ जुलैला सकाळी फोन केला. हातात काही नाही म्हणून मीच ओशाळलेली. तर हे म्हणतात, "अगं, आज तुझं कार्ड आलं."

"कुठलं?"

"८ जूनचं." आणि मोठ्यानं वाचायला लागले. इथं पाऊस लागलाय. म्हैस गाभण आहे. दुपारी दोनपासून लाईट नाही, आईंनी दिवा लावलाय, त्याच्या उजेडात तुमच्या शर्टाला बटण लावतेय.

थोडा वेळ लाईनवर नुसती खरखर.

"मग," हे म्हणाले, "लाईट कधी आली?"