थोडक्यात म्हणजे किती?

स्मरणिकेसाठी मजकूर मागवताना पत्रात शेवटी एक वाक्य हमखास असते : 'कृपया थोडक्यात लिहावे.' हे वाक्य वाचून आजवर कोणीही थोडक्यात लिहिलेले नाही. ज्याला चार ओळी सुचतात तो चार लिहितो, ज्याला चाळीस सुचतात तोही आपण बरेच आवरते घेतले अशा समाधानात असतो. सानगडीच्या स्मरणिकेचे तेच झाले. गावातली आणि भोवतालची ठिकाणे, तलाव, सणवार, जुने धंदे यांवर लहान लहान टिपणे हवी होती. आले ते वेगळेच. किल्ल्यावरच्या टिपणाची सुरुवात सृष्टीच्या उत्पत्तीपासून होती आणि पीठगिरणीवर दोन ओळी होत्या, त्यांतली एक मालकाच्या आभाराची.

कापाकापी माझ्याकडे आली. प्रत्येकाला त्याचे टिपण परत देऊन 'लहान करा' म्हटले, तर कुणी शेवटचा परिच्छेद तोडून आणला, कुणी तेवढाच मजकूर बारीक अक्षरात लिहून आणला. एक काकाजी चिडले, "आता का हाडं कापू का, भाऊ?" त्यांचे चुकले नव्हते. मांस कुठले आणि हाड कुठले, हे त्यांना कुणी दाखवलेच नव्हते.

मग सूचना देणे थांबवले आणि एकच टिपण नमुना म्हणून कापले. निवडले ते मुद्दाम मधले, फार चांगले नाही आणि फार वाईटही नाही. उत्तम टिपण नमुन्याला ठेवले की बाकीचे लिहिणारे हात टेकतात. गुरुजींनी मंडईवर लिहिले होते :

'आमच्या या निसर्गरम्य झाडीपट्टीत दिवाळीचे मंगलमय पर्व आटोपताच सर्वत्र चैतन्याचे वातावरण निर्माण होते व आबालवृद्ध ज्याची चातकासारखी वाट पाहतात ती मंडई गावोगाव भरते. लेकी माहेरी येतात, सोयरेधायरे मुक्कामाला येतात. दिवसा दंडार व रात्री नाटक असा भरगच्च कार्यक्रम असतो. नाटक पहाटे संपते व रसिक प्रेक्षक तसेच विळा घेऊन धान कापायला बांधीत उतरतात, हे विशेष होय.'

ते कापल्यावर असे झाले :

'दिवाळी सरली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, सोयरे मुक्कामाला येतात. दिवसा दंडार, रात्री नाटक. नाटक पहाटे संपते आणि माणसे तशीच विळा घेऊन बांधीत उतरतात.'

हे सत्तावीस शब्द. दोन्ही मजकूर एकाच कागदावर, वर मूळ आणि खाली कापलेला, असे छापून सगळ्यांना वाटले. नुसता खालचा दिला असता तर लोकांना तो फक्त लहान मजकूर दिसला असता. वरचा शेजारी असला की काय गेले ते दिसते. निसर्गरम्य गेले, मंगलमय गेले, चातक उडाला, 'हे विशेष होय' गेले. विळा मात्र राहिला. तो मूळ मजकुरातच होता, मी पदरचा घातलेला नाही. कापणाऱ्याने नवे काही घालू नये, एवढे पथ्य नमुन्यानेही पाळायला हवे, नाहीतर लोक कापण्याच्या नावाखाली नवीन लिहू लागतात.

नमुन्याचा गुण लगेच आला. पुढची टिपणे जवळजवळ एकाच मापाची आली, वाक्ये आखूड झाली, 'मंगलमय' तर गावातून हद्दपारच झाले. अवगुणही त्याच टपालाने आला. तलावावरचे टिपण 'पावसाळा सरला की' असे सुरू झाले, आठवडी बाजाराचे 'दुपार सरली की'. आणि सगळीकडे शेवटी पहाट. तलावाच्या पाळीवर पहाट झाली ते एक वेळ ठीक, पण पीठगिरणीचा पट्टाही पहाटे थांबू लागला. एकच नमुना दिला की त्यातले काय घ्यायचे आणि काय योगायोगाने तिथे आहे, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. म्हणून नमुन्याखाली एक ओळ वाढवली : 'मापाला सत्तावीस शब्द, एक डोळ्यांना दिसणारी वस्तू, विशेषण शक्यतो नको; सुरुवात आणि शेवट मात्र आपापले.' पहाट आपल्या वेळेवर होऊ लागली.

दुसरा दोष उशिरा ध्यानात आला, कारण तो दिसायला देखणा होता. जिल्ह्याच्या विभागणीवर एका तरुणाने लिहिले : 'पूर्वी जिल्हा एक होता, मग दोन झाले. नवेगावबांधचा तलाव पलीकडे गेला, साकोली अलीकडे राहिली.' सूर बरोबर, मापही बरोबर, वाचायलाही गोड. पण 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, हे त्याच्या मूळ टिपणात होते आणि कापताना गळून गेले. का, तर माझ्या नमुन्यात सालच नव्हते. मंडईला साल कशाला लागते? नमुन्यात जे नाही ते नको असते, असा पोराने सरळ अर्थ काढला, आणि तो चूक म्हणता येत नाही. साल, माप, नाव राखायचे असेल तर नमुन्यातही एखादे असायलाच हवे.

खरी परीक्षा पुढे झाली. छापखान्याचा हिशेब आला आणि पाने निम्मी करावी लागली. आता प्रत्येकाने आपले कापलेले टिपण घेतले आणि तेच पुन्हा कापले. नमुन्याचा कागद कुणी काढलाच नाही. त्यामुळे जे आले ते असे : 'मंडई. दंडार. नाटक. विळा.' ही तारेची भाषा. तारेत शब्दागणिक पैसे पडत, तेव्हा तिथे ते शोभत होते. आपल्याकडे तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली, सानगडीत ती नव्याने सुरू करायचे कारण नव्हते. छाटलेल्यावरून पुन्हा छाटले की प्रत्येक खेपेला थोडा सूर जातो, आणि गेलेला सूर मागच्या कागदावर नसल्याने कुणाला चुकल्यासारखेही वाटत नाही.

उपाय सोपा होता, पण क्रम महत्त्वाचा. माप बदलले की आधी नमुना बदलायचा, मग बाकीचे. मूळ टिपणावरून मंडई पुन्हा कापली, या वेळी चौदा शब्दांत :

'दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. रात्रीचे नाटक पहाटे संपते आणि माणसे विळा घेऊन बांधीत उतरतात.'

वाक्ये पूर्ण राहिली, क्रियापदे जागेवर राहिली, अख्ख्या गोष्टीच काढून टाकल्या. लहान करायचे ते असे; सगळ्यातले थोडे थोडे खरवडून नव्हे. बाकीच्यांनाही मूळ टिपण आणि हा नवा नमुना समोर ठेवूनच कापायला सांगितले. गुरुजींनी कागद पाहिला आणि चष्मा कपाळावर नेला. "लेकी काढल्या?" म्हणाले, "दिवाळीत माहेरी आलेल्या लेकीला असं कोणी हाकलते का गा?" त्यांचे दुःख खरे होते. लेकी परत घ्यायच्या तर दंडारीपाठोपाठ नाटकही काढावे लागले असते, आणि झाडीपट्टीत नाटक काढण्याची माझी छाती नव्हती.

यंदा कुणी स्मरणिका काढणार असेल, तर 'थोडक्यात लिहावे' एवढेच पत्र धाडू नका. सोबत एक टिपण जोडा, मूळ आणि कापलेले दोन्ही, त्यात एखादे साल असू द्या, आणि छापखान्यातून पाने किती मिळणार हे त्याआधीच विचारून घ्या.