‘नाही’ पुढच्या ट्विटमध्ये

‘मित्रांनो, आज मी तुम्हाला एक महत्त्वाची गोष्ट सांगणार आहे. थ्रेड शेवटपर्यंत वाचा!’ एक्सवर असं वाक्य दिसलं की मी पुढे वाचत नाही. त्यात गोष्ट कुठेच नसते, गोष्ट सांगणार असल्याची दवंडी तेवढी असते. थ्रेडचं पहिलं ट्विटच सगळ्यात जास्त लोकांपुढे जातं. त्यातली बरीचशी मंडळी दुसऱ्यापर्यंत पोचत नाहीत. मग नमस्कार-चमत्कारात ती जागा घालवायची कशाला?

हे आठवलं ते केजच्या एका मित्रामुळे. मांजरा धरणावर त्याने दीड पान मजकूर लिहिला होता आणि त्याचा थ्रेड करायचा होता. मजकूर चांगला होता. धरण केज तालुक्यात, धनेगावला. लातूर शहर त्याच्याच पाण्यावर अवलंबून. उपयुक्त साठा सुमारे १७७ दलघमी, त्याखाली मृतसाठा सुमारे ४७ दलघमी. बातम्यांत धरणाची जी टक्केवारी येते ती बहुतेक वेळा उपयुक्त साठ्याची असते, म्हणून ‘शून्य टक्के’ झाल्यावरही तळाशी पाणी असू शकतं. ते कालव्यात आपोआप उतरत नाही, पंपाने उपसावं लागतं. २०१६ साली मात्र तेही गेलं, धरण कोरडं पडलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं.

मित्राने सुरुवात केली होती मांजरा नदीच्या उगमापासून. पाटोदा तालुका, बालाघाटचे डोंगर, गोदावरीशी संगम. रेल्वे आली अगदी शेवटी. थ्रेडमध्ये हा क्रम उलटा करावा लागतो. ज्या गोष्टीने वाचक थांबेल ती आधी आणि तिचं कारण मागून. आम्ही पहिलं ट्विट असं केलं:

‘२०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. मांजरा धरण तेव्हा कोरडं पडलं होतं. पण धरण शून्य टक्के होणं आणि धरण कोरडं पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.’

यात साल आहे, गाव आहे, धरणाचं नाव आहे, आणि एक प्रश्न उघडा ठेवला आहे. त्याचं उत्तर पुढच्या दोन-तीन ट्विटांत मिळालंच पाहिजे. ‘हे वाचून तुमची झोप उडेल’ असं म्हणून पुढे शासकीय माहितीपत्रक चिकटवणारे वाचकाला फसवतात. असा वाचक त्यांच्या पुढच्या थ्रेडकडे फिरकत नाही आणि तो चूक करत नाही.

आता कापाकापी. फुकटच्या खात्यावर एका ट्विटला २८० अक्षरांची मर्यादा आहे, पण ही ‘अक्षरं’ आपण शाळेत शिकलो ती नव्हेत. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातलं हलन्त चिन्ह, सगळं स्वतंत्र मोजलं जातं. ‘केज’ दोन अक्षरी, पण एक्स तीन मोजतो. ‘दुष्काळ’ तीन अक्षरी, तिथे तो सात होतो: द, उकार, ष, हलन्त, क, काना, ळ. त्यामुळे मराठीत एका ट्विटमध्ये चाळीसेक शब्द मावतात. लिंक कितीही लांब असली तरी २३ धरली जाते. हा हिशेब आधी माहीत असला की जोडाक्षरांनी भरलेलं सरकारी वाक्य किती जागा खातं ते कळतं आणि माणूस आपसूक साधं लिहायला लागतो.

खरा घात होतो तो मर्यादेपाशी डोळे मिटून कापल्याने. मित्राच्या मजकुरात एक वाक्य होतं: ‘शून्य टक्के म्हणजे धरणात पाणी उरलेलं नसतं, असं नाही.’ त्याच्या पहिल्या खर्ड्यात मर्यादा ‘नसतं’पाशी संपली आणि ‘असं नाही’ पुढच्या ट्विटमध्ये गेलं. आता त्या एका ट्विटचा स्क्रीनशॉट गावातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला, तर केजचा माणूस म्हणतो आहे की शून्य टक्के म्हणजे पाणी संपलं. तो सांगतो आहे त्याच्या बरोबर उलट. मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो आणि क्रियापदही तिथेच येतं. इथे वाक्य मध्ये तोडलं की नुसतं अपुरं राहत नाही, कधी खोटं होतं. म्हणून एका ट्विटमधलं वाक्य त्याच ट्विटमध्ये संपलं पाहिजे. मावत नसेल तर वाक्य बदला. आम्ही केलं: ‘मांजरा शून्य टक्के झालं तरी तळाशी मृतसाठा असू शकतो.’ नकारही गेला आणि जागाही वाचली.

यात ‘मांजरा’ हे नाव मुद्दाम आलं आहे. सलग लेखात दुसऱ्या परिच्छेदापासून ‘हे धरण’, ‘तो साठा’ म्हटलं तरी चालतं. थ्रेडमधलं चौथं ट्विट कुणी एकटंच पुढे पाठवलं तर ‘हे धरण’ कुठलं ते कळायला मार्ग नाही. तपासायची रीत सोपी आहे. मधलं कुठलंही एक ट्विट घरातल्या कुणाला एकटं वाचायला द्या. ‘कशाबद्दल आहे?’ असं विचारलं गेलं, तर नाव घालायचं राहिलं आहे.

जोडणीतही घोळ होतात. सगळी ट्विटं आधी वहीत किंवा फोनच्या नोट्समध्ये पूर्ण लिहावीत, मग अधिक चिन्ह दाबून एकाखाली एक जोडावीत आणि एकदम टाकावीत. सुटी टाकायची झाली तर प्रत्येक नवं ट्विट आपल्याच शेवटच्या ट्विटला उत्तर म्हणून द्यावं. घाईत सगळी उत्तरं पहिल्यालाच दिली की साखळी तुटते, फांद्या फुटतात आणि तिसऱ्याआधी पाचवं दिसतं. ‘१/६’ असे आकडे घालायचे तर थ्रेड किती ट्विटांचा ते पक्कं ठरल्यावरच. ‘१/६’ म्हणून आठ ट्विटं टाकणाऱ्याने लिहिण्याआधी विचार केला नव्हता, हे वाचकाला लगेच समजतं.

शेवटच्या ट्विटचं मात्र मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. इतकी मेहनत करून माणूस शेवटी लिहितो, ‘आवडल्यास फॉलो करा, शेअर करा.’ विषय पाण्याचा आणि अखेर स्वतःच्या जाहिरातीने! शेवटच्या ओळीने वाचकाच्या हातात काहीतरी द्यावं. मित्राच्या थ्रेडला आम्ही अशी ठेवली: ‘यापुढे मांजराची टक्केवारी ऐकाल तेव्हा एकच विचारा: ही उपयुक्त साठ्याची की एकूण साठ्याची? मृतसाठा एकूण साठ्याच्या पाचव्या हिश्शाएवढा आहे.’ हे ट्विट एकटं फिरलं तरी कामाचं आहे, आणि पहिल्या ट्विटमधल्या प्रश्नाचं उत्तर त्यात पुरं होतं. आकडा कुठून घेतला ते त्याच्याच खाली वेगळ्या ट्विटमध्ये लिंकसह द्यावं.

आणि आकडा चुकलाच तर? मधलं ट्विट काढून टाकू नये. तिथे भगदाड पडतं आणि पुढचा मजकूर कशाला जोडून होता ते कळत नाही. चुकलेल्या ट्विटखालीच दुरुस्ती लिहावी, जुना आकडा आणि नवा आकडा दोन्ही देऊन, आणि तीच दुरुस्ती थ्रेडच्या शेवटीही जोडावी. कारण तोवर चुकीच्या आकड्याचा स्क्रीनशॉट कुठे कुठे पोचला असेल ते तुमच्या हातात नाही, आणि तो पाहून खातरजमा करायला आलेल्या माणसाला बरोबर आकडा तिथेच सापडला पाहिजे.