नानांची सगळी माणसं नानाच

निवृत्त झाल्यावर काही लोक बागकाम करतात, काही हास्यक्लबात जातात, आणि काही कादंबरी लिहितात. आमचे नाना तिसऱ्या जातीतले. उभा जन्म सरकारी कचेरीत टिपण्या लिहिण्यात गेला. वरचे साहेब बदलत गेले, पण प्रत्येकाच्या सहीवरचा मजकूर नानांचाच. आता ती सही करायला कोणी उरलं नाही, म्हणून नानांनी स्वतःच्या नावावर मजकूर लिहायला घेतला. मी पुस्तकं संपादित करतो हे सोसायटीत त्यांना कोणीतरी सांगितलं, आणि दोरीने बांधलेला एक गठ्ठा माझ्या टेबलावर आला. ‘फक्त शुद्धलेखन बघा. बाकी सगळं तयारच आहे,’ म्हणाले. प्रत्येक नाना हेच म्हणतो.

कादंबरी बरी होती. सातारा भागातलं गाव, वडिलोपार्जित जमीन, ती विकायची की नाही यावरून पेटलेलं घर. माणसंही नीट निवडलेली : पुण्यात वकिली करणारे थोरले दादासाहेब, कोल्हापूरला दिलेली आत्या, तीस वर्षं शेत राखणारा शिवा आणि दादासाहेबांची सात वर्षांची नात, चिमी. पण ही मंडळी तोंड उघडायची ती अशी :

‘वास्तविक पाहता ही जमीन विकणे योग्य ठरणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.’

‘तुमचे म्हणणे रास्त असले तरी सद्यःस्थितीत अन्य पर्याय दिसत नाही.’

‘परंतु या जमिनीशी वडिलांच्या आठवणी निगडित आहेत, याचाही विचार व्हायला हवा.’

‘त्याची मला पूर्ण जाणीव आहे. तथापि भावनेच्या भरात निर्णय घेणे उचित नव्हे.’

मी कागदाची पट्टी ठेवून बोलणाऱ्यांची नावं झाकली आणि नानांना विचारलं, ‘ह्यात शिवा कोणता?’ नानांनी चष्मा वर केला, खाली केला, ओळीवरून बोट फिरवलं आणि शेवटी दादासाहेबांच्या वाक्यावर ठेवलं. चिमीचं वाक्य मी दाखवलंच नाही. तिने पुढच्या पानावर ‘या अनुषंगाने’ म्हटलं होतं.

गंमत अशी की नानांचा कान अजिबात वाईट नाही. ‘व्यक्ती आणि वल्ली’ त्यांना तोंडपाठ. सोसायटीच्या कोजागिरीला ते अंतू बर्वा करतात आणि पाठोपाठ नामू परीट करतात, तेव्हा डोळे मिटून बसलेल्यालाही माणूस बदललेला कळतो. घरात ते स्वतः ‘अगं ते हे कुठंय?’ एवढंच बोलतात. त्यावर काकू ‘तिथंच, त्या ह्याच्यावर’ म्हणतात आणि चष्मा सापडतो. इतका अस्सल संवाद रोज घरात घडत असताना हा गृहस्थ पेन हातात घेतला की थेट टिपणी लिहायला लागतो. कागदावर बोलायची ती भाषा आणि तोंडाने बोलायची ती वेगळी, हे कचेरीने त्यांच्या बोटांत मुरवलेलं.

पण ‘तथापि’ काढून ‘पण’ घातलं की भागत नाही. नानांनी तेही करून पाहिलं, आणि आत्या व शिवा फक्त बोलीभाषेत सारखे बोलू लागले. खरं दुखणं खाली होतं. ती चारही माणसं एकमेकांशी बोलतच नव्हती, वाचकाला माहिती देत होती. प्रत्येकाने विचारल्या प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं होतं, वाक्य पूर्ण केलं होतं आणि मनातली भावना तिच्या नावानिशी सांगितली होती. घरात असं कोण बोलतं? जमिनीचा विषय निघाला की घरातली निम्मी माणसं भलतंच काहीतरी बोलतात, आणि तेच त्यांचं बोलणं असतं.

म्हणून मी नानांना कामाला लावलं. एका माणसाची सगळी वाक्यं कादंबरीभरातून उतरवून एका कागदावर सलग काढायची. कथा नाही, वर्णन नाही, नुसतं बोलणं. शिवाचा कागद वाचला तेव्हा नाना स्वतःच म्हणाले, ‘हा तर आमचा हेडक्लार्क!’ मग प्रत्येक कागदाच्या माथ्यावर दोन गोष्टी लिहायच्या : ह्या प्रसंगात ह्याला काय हवंय, आणि काय बोलायचं तो टाळतोय. दादासाहेबांना पैसा हवाय आणि कर्जाचं नाव घ्यायचं नाहीये. आत्याला विक्री थांबवायचीय, पण दिल्या घरच्या लेकीने हक्क सांगायचा नाही असं ती मानते. शिवाला एवढंच कळायला हवंय की पुढल्या पावसाळ्यात आपण इथं असू का, आणि मालकाला ते विचारायची सोय नाही.

त्यानंतर तोच प्रसंग असा झाला :

‘एकरी काय देतोय तो? आकडा सांगा. बाकीचं मागाहून.’

‘मी कशाला बोलू? परवा आलो तेव्हा बांधावरचा आंबा बघितला. मोहोर काय धरलाय!’

‘मालक, वैरण किती भरून ठिवू? नाय म्हंजे, दिवाळीपतुर का कसं?’

‘आजोबा, आंबा पण विकायचा?’

नावं झाकून बघा. पट्टीची गरजच उरली नाही.

आत्याच्या ‘आलो’वर मात्र नाना अडून बसले. बाईमाणूस ‘आले’ म्हणेल, मुद्रितशोधक तर पहिल्या फटक्यात दुरुस्त करेल! मी म्हटलं, कोल्हापुरात बायका ‘मी आलो, मी जातो’ सर्रास म्हणतात, आणि तिकडे दिलेल्या आत्याच्या तोंडी ते इतक्या वर्षांत येणारच. तिचं सासर सांगायला नानांनी पाऊण पान खर्च केलं होतं. ते ह्या एका क्रियापदामुळे निकालात निघालं. मुद्रितशोधकासाठी समासात ‘असेच ठेवावे’ लिहिलं. नानांनी त्याखाली आद्याक्षरं टाकली. सवय.

मग व्हायचं तेच झालं. नानांना चव लागली. पुढल्या आठवड्यात प्रत्येकाला एकेक पालुपद मिळालं : दादासाहेब दर वाक्याला ‘समजलं का’, आत्या ‘बाई गं’, शिवा ‘व्हय जी, व्हय जी’. वऱ्हाडी पाहुण्यांना फेटे वाटावेत तसं वाटप. शिवाच्या बोलण्यात तर इतके गावरान उच्चार घुसले की ते मोठ्याने वाचल्याशिवाय उमगेना. मी नानांना म्हटलं, पालुपद खोडून उरलेलं वाक्य वाचा; ते कोणाच्याही तोंडी बसत असेल तर अजून काम झालेलं नाही. बोलीचंही तसंच. ‘ठिवू’, ‘पतुर’ अशा दोन-तीन खुणा पुरतात, वाचकाचा कान पुढचं आपोआप ऐकतो. त्यापेक्षा संबोधनं तपासा म्हटलं. आत्या एरवी दादासाहेबांना ‘दादा, तू’ म्हणते. ज्या दिवशी ती ‘तुम्ही’ म्हणेल त्या दिवशी भांडण झालंय हे वेगळं लिहावं लागणार नाही. हे नानांना एकदम पटलं. कचेरीत ‘तू’चं ‘तुम्ही’ झालं की मेमो येतो, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक.

उत्साहाच्या भरात त्यांनी दोन ओळींपुरता येणारा पोस्टमनही तोतरा केला होता. तो मी सरळ केला. दोन ओळींच्या माणसाला निराळा आवाज दिला की वाचक उगाच त्याची वाट बघत बसतो. दादासाहेब आणि आत्याचे काही शब्द सारखे निघाले ते मात्र मुद्दाम ठेवले. एका आईच्या हाताखाली वाढलेली भावंडं ती, थोडी सारखी बोलणारच.

नानांचं दुसरं हस्तलिखित सध्या चालू आहे. तुमच्याही घरात असा कोणी नाना लिहीत असेल, तर त्याच्या शुद्धलेखनाला हात लावू नका. आधी एखादं संवादाचं पान घ्या, नावं झाका आणि त्यालाच विचारा कोण बोलतंय ते.