चुकीचा स्पिंडल आणि त्यासंबंधी करावयाचा पत्रव्यवहार

नळाचा चुकीचा स्पिंडल हाती पडलेल्या गृहस्थाने सर्वप्रथम दुकानदाराला फोन करू नये. फोनवर तो शांतपणे म्हणतो, "भाऊ, तुम्ही फोटो पाठवला, तसाच दिला ना." आणि पंचाईत अशी, की ते खरं असतं. म्हणून ईमेल लिहावी. तीही स्पिंडल मोजून झाल्यावर.

आमचं प्रकरण असं. धुळ्याच्या घरी न्हाणीघरातला कन्सिल्ड कॉक, म्हणजे टाइलच्या आड भिंतीत बसवलेला, ठिबकू लागला. बोअरच्या पाण्याचा क्षार आतल्या सिरॅमिक चकत्यांवर बसला होता. प्लंबरने स्पिंडल काढला. तसा गावात कुठे मिळेना, म्हणून जळगावच्या एका दुकानाला मोबाइलवर त्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'सेम असाच, अर्धा इंची.' दोन दिवसांनी एसटीच्या पार्सलने स्पिंडल आला. दिसायला अगदी फोटोतल्यासारखा, फक्त बसेना. तोवर घरच्या मंडळींनी जुना स्पिंडल पितळेच्या भावाने भंगारवाल्याला देऊन टाकला होता. पारोळा-एरंडोल करत जळगावला जाऊन यायचं, तर भाडं स्पिंडलच्या किमतीवर जातं. उरले जुन्याचे तीन फोटो.

इथे पहिला नियम. फोटोत वस्तूचा चेहरा येतो, माप येत नाही. शेजारी काही नसेल तर भरताचं वांगं आणि तोंडलं फोटोत सारख्याच तोऱ्यात उभं राहतं. आमच्या सुदैवाने एका फोटोत स्पिंडलशेजारी दहा रुपयांचं नाणं पडलेलं होतं. कुणी ठेवलं ते कळलं नाही, पण प्लंबरच्या चहाचं असावं. या नाण्याचा व्यास 27 मिलिमीटर असतो. फोटो संगणकावर मोठा केला आणि नाणं पडद्यावर बरोबर 54 मिलिमीटर भरेल असा ठेवला, म्हणजे सगळं दुप्पट झालं. मग शाळकरी पट्टी पडद्याला लावून मोजणी केली. (पट्टी लाकडी असावी. स्टीलच्या पट्टीने पडद्यावर चरे पडतात आणि त्याची तक्रार कोणत्याच दुकानात करता येत नाही.)

स्पिंडलची लांबी भरली 120, म्हणजे खरी 60. आटे असलेल्या भागाचा व्यास भरला 44, म्हणजे 22. आता 22 मिलिमीटर आट्याचा असा स्पिंडल सहसा कुणी विकत नाही. ज्याला सगळे अर्धा इंची म्हणतात, त्या आट्याचा बाहेरचा व्यास 21 मिलिमीटरला किंचित कमी असतो. त्यात अर्धा इंच कुठेच सापडत नाही, कारण ते नाव जुन्या पाइपाच्या आतल्या पोकळीवरून पडलेलं आहे. पाऊण इंची आटा थेट साडेसव्वीसच्या आसपास जातो. तेव्हा आमचा आटा 21 चाच. मग वरचा एक मिलिमीटर कुठून आला?

तर नाणं जमिनीला चिकटून होतं आणि जाडजूड स्पिंडल त्याच्याहून वर, कॅमेऱ्याच्या जवळ होता. जवळची वस्तू मोठी दिसते. फोन वीतभर उंचीवर धरला, की एवढ्यानेच पाच टक्क्यांची लबाडी होते. फोन हातभर लांब धरून झूम केलं असतं, तर ती निम्म्याहून कमी झाली असती. पण चूक कळली की ती कामाला लावता येते. 22 चे 21 करायचे, तर त्याच हिशेबाने 60 चे 57 होतात. नव्या स्पिंडलची लांबी प्रत्यक्ष मोजली, ती 52 निघाली. टाइलच्या आड पाच मिलिमीटर म्हणजे फार मोठं अंतर. नॉब दांड्यावर पुरता चढण्याआधीच त्याची कड भिंतीला घासते.

दुसरा पुरावा दात्यांचा. दांड्याच्या टोकाला बारीक दाते असतात आणि नॉब त्यांच्यावर बसतो. फोटोतून ते मोजू नयेत. बाजूने निम्मेच दिसतात, आणि कडेचे एकमेकांत मिसळतात. आम्ही तिघांनी मोजले, तर तीन आकडे आले आणि थोडा अबोलाही आला. मग सुचलं, की नवरा भंगारात गेला असला तरी नवरी घरातच आहे. नॉबच्या आत तेच दाते उलटे कोरलेले असतात. एका दात्यावर स्केचपेनचा ठिपका दिला आणि टाचणीने एकेक मोजत परत ठिपक्यापाशी आलो. 20. नव्या स्पिंडलवर तशीच मोजणी केली. 24. तो न बसण्याचं कारण दुकानाची खुन्नस नव्हती, चार दाते होते.

आता ईमेल. विषयात 'तक्रार' एवढंच लिहू नये, दिवाळीच्या ऑफर्सखाली ती गाडली जाते. नमुना असा:

'विषय: बिल क्र. अमुक, दि. तमुक. कन्सिल्ड कॉकचा स्पिंडल बदलून मिळण्याबाबत.

स. न. वि. वि. आपण पाठवलेला स्पिंडल मिळाला. आटा अर्धा इंची, बरोबर आहे. लांबी 52 मि.मी. आहे, 57 पाहिजे (जुन्याच्या फोटोवरून, एखाद्या मि.मी.चा फरक संभवतो). दाते 24 आहेत, 20 पाहिजेत (नॉबमधून मोजले). उजवीकडे अर्धा फेरा फिरवल्यावर बंद होणारा हवा. आलेला नग न वापरता परत पाठवत आहे. मापं मी आधी कळवली नव्हती, हे मान्य आहे. नाण्यासह जुन्याचा फोटो, नव्याचा फोटो आणि नॉबचा आतून काढलेला फोटो जोडला आहे.'

'एखाद्या मि.मी.चा फरक' हे शब्द गाळू नयेत. अंदाजाला अंदाज म्हटलं, की बाकीचे आकडे खरे वाटतात. फोटोंना नावंही द्यावीत. `IMG_4471.jpg` उघडायचं कष्ट कुणी घेत नाही, `nob-20-date.jpg` निदान वाचलं तरी जातं.

बिलावर 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलेलं असतं. त्याला घाबरू नये, पण पहिल्याच पत्रात कायदाही काढू नये. 1930 च्या माल विक्री कायद्याचं कलम 15 सांगतं, की वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, म्हणजे स्पिंडल जळगावचा असला तरी तक्रार धुळ्यात. हेल्पलाइनचा क्रमांक 1915. मात्र आमचं वर्णन 'सेम असाच' एवढंच होतं. ते घेऊन आयोगापुढे उभं राहायला वेगळं काळीज लागतं.

ईमेल गेली. दोन दिवस उत्तर नाही. मग तोच मजकूर आणि तेच फोटो व्हॉट्सॲपवर टाकले. दहा मिनिटांत फोन आला, "काय भो, दाते आधीच सांगायचे ना! वीसवाला वरच्या फळीवरच पडेल आहे."

चौथ्या दिवशी पार्सल आलं. 57 मिलिमीटर, 20 दाते. नॉब खट्कन बसला. पाकिटात नवं बिल मात्र नव्हतं, त्यासाठीची ईमेल लिहायला घेतली आहे.