सात टिपा आणि एक प्रश्न

सल्ला-सदराकडे कडेगाव तालुक्यातून एक पत्र आलं, शेतकऱ्याच्या बायकोचं. आल्याला कंदकूज लागली, हाती आलं त्याला दर नाही, सोसायटीचं कर्ज डोक्यावर. नवरा दोन महिने धड जेवत नाही, रात्र गोठ्यात काढतो. आणि खाली एक ओळ: 'परवा म्हणाले, माझ्यामागं तुम्ही निवांत व्हाल.'

सल्लागारांकडून सात टिपा आल्या. सकारात्मक राहा. संवाद वाढवा. छंद जोपासा. रोज सकाळी चाला. (दिवसभर सऱ्यांतून फिरणारा माणूस सकाळी आणखी कुठं चालणार?) सातवी टीप, 'गरज वाटल्यास तज्ज्ञांना भेटा.' पत्रातल्या त्या शेवटच्या ओळीबद्दल सातांपैकी एकही टीप नव्हती. यादीची ही मोठी सोय आहे, पत्र न वाचताही ती लिहिता येते.

सगळं खोडलं आणि त्या ओळीपासूनच उत्तर लिहायला घेतलं:

'ताई, तुम्ही घाबरलात ते बरोबरच आहे. फवारणीच्या बाटल्या आजच दिरांकडे नेऊन कुलपात ठेवा. जिवावर उठायची ती लाट बहुतेक वेळा थोड्या वेळाची असते. तेवढ्या वेळात विष हाताशी नसलं, तर माणूस वाचू शकतो. मग रात्री मुलं झोपल्यावर नवऱ्याजवळ बसा आणि त्यांना सरळ विचारा, जीव द्यायचा विचार मनात येतो का? विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. आत कोंडलेलं बोलायला वाट मिळते. "हो" म्हणाले, तर पोरांची शपथ घालू नका, नुसतं ऐका, आणि त्यांना एकटं सोडू नका. कसं करायचं हेही त्यांनी ठरवलंय असं कळलं, तर सकाळची वाट न बघता दिरांना घेऊन दवाखाना गाठा. 14416 हा टेलिमानसचा फोन फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. तुम्हीसुद्धा लावू शकता. "नाही" म्हणाले, तरी दोन महिन्यांची ही अन्नावरची वासना उडणं डॉक्टरांना दाखवाच. कर्जाचा रस्ता या उत्तरात नाही. तो शोधायला आधी ते हवेत.'

सल्लागारांची तक्रार आली की यात मुद्दे सुटसुटीत दिसत नाहीत. खरं आहे, दिसत नाहीत. चौकट करून, ठिपके देऊन छापायचं म्हटलं तर यातलं काय आधी आणि काय नंतर हेच निसटतं. बाटल्या आधी, प्रश्न मग.

अंक यायला अजून पाच दिवस होते. म्हणून पत्राखालच्या नंबरवर त्याच संध्याकाळी फोन करून हे सगळं वाचून दाखवलं. छापताना आल्याच्या जागी दुसरं पीक घातलं आणि दीर काढून शेजारी आणला. गावात दोन खुणा जुळल्या तरी चहाच्या टपरीवर घर ओळखतात.