हॉटेलात कितीला पडलं असतं?

तुमच्याकडेही हे काका राहून गेले असतील. गाव वेगळं, टोपी वेगळी, पण वही तीच. आमचे डोंबिवलीचे. अयोध्येला जाताना वाटेत लखनौ लागतं आणि लखनौत आमचं घर, म्हणून काका-काकू पुष्पकने आले आणि सरोजिनी नगरला सहा दिवस राहिले.

पहिल्याच सकाळी कांदेपोह्यांची बशी पुढे ठेवली, तर काकांनी खिशातून छोटी वही काढली. "हॉटेलात हे ऐंशीला पडलं असतं." मला वाटलं, कौतुक करतायत. दुपारी भरली वांगी दोघांची मिळून चारशेला पडली. रात्री डासांच्या जाळीचे वेगळे लावावेत की खोलीच्या भाड्यात धरावेत, यावर काका-काकूंची बराच वेळ कुजबुज चालली होती. तिसऱ्या दिवशी मी आल्याचा चहा नेला, तर काका आधीच लिहून बसलेले. चहा यायच्या आत.

हिशेब कशासाठी, तर निघताना आम्हाला तेवढ्या किमतीची वस्तू द्यायची. कुणाचे उपकार ठेवायचे नाहीत. म्हणून दिवसभर घराची तपासणी चाले. "तुमच्याकडे कुकर दोनच?" "इस्त्री जुनी दिसते." माझी सासू एकदा म्हणालीसुद्धा, "अहो, येताना मेतकूट आणि आमसुलं आणली असतीत तरी पुरे होतं. इथे ती शोधावी लागतात." काका दुखावले. आमसुलांनी सहा दिवसांचं भाडं फिटतं का?

पाचव्या दिवशी ते एकटेच अमीनाबादला गेले आणि संध्याकाळी माझ्या हातात पुडकं ठेवलं. चिकनचा ड्रेस! लखनौच्या बाईला लखनौची चिकनकारी, कोकणात नारळ नेल्यासारखी. "अस्सल हातकाम," काका म्हणाले. "दुकानदाराने शपथ घेतली."

आता इतकी वर्षं इथे काढल्यावर हात आपोआप कापड उलटं करतो. हाताच्या कामाला मागची बाजू लपवता येत नाही. तिथे गाठी दिसतात, एका फुलावरून दुसऱ्यावर गेलेला दोरा दिसतो, आणि बखियाचा टाका असेल तर दोऱ्यांची जाळी मागेच असते, तिची नुसती सावली पुढे उमटते. सगळ्यात खरी खूण जालीची. कारागीर बाई सुईने कापडाचे धागे बाजूला सारून ती भोकं पाडते, एकही धागा कापत नाही. काकांच्या ड्रेसची पाठ पोटाइतकीच नीटनेटकी होती. प्रत्येक फुलाला तेवढेच टाके, आणि जालीच्या जागी सरळ भोकं पाडून कडा शिवलेल्या. मशीनच.

काकांनी माझा हात पाहिला. "काय झालं?"

"काही नाही. छान आहे."

त्यांनी वहीत शेवटची रेघ मारली. खातं बंद.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र त्या वहीत नव्हती. आमच्या जिन्याखाली सासऱ्यांची विजय सुपर उभी असते. सासरे इथल्या स्कूटर्स इंडियात होते. इटलीच्या इनोसेंटीची यंत्रं आणून 1972 साली काढलेला हा कारखाना. स्कूटर बंद झाल्यावरही तिथे विक्रमच्या तीनचाकी बनत राहिल्या, 2021मध्ये सरकारने तोही बंद करायचं ठरवलं. सासरे त्याच्या आधीच गेले. स्कूटर कुणी चालवत नव्हतं, आणि विकायचा विषय काढायची कुणाची हिंमत नव्हती.

काका रोज दुपारी, आम्ही आडवे झालो की, तिच्याशी खटपट करत होते, हे मला सहाव्या दिवशी कळलं. टाकीतल्या जुन्या पेट्रोलचा चिकटा कार्बुरेटरच्या जेटमध्ये बसला होता, तो काढला. प्लग घासला. नव्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं, कारण टू-स्ट्रोक इंजिनाला ते पेट्रोलबरोबरच लागतं. आणि निघायच्या दिवशी सकाळी किक मारली. पाच-सहा वेळा नुसती खोकली, मग एकदम फटफटू लागली.

सासू आंघोळ अर्धी सोडून, केस तसेच ओले, जिन्यापर्यंत आली. कठड्याला धरून उभी राहिली. निळा धूर पार फाटकापर्यंत गेला.

"हॉटेलात हे—" मी सुरुवात केली. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी गप्प बसले.

काकूंची ओटी भरली, वाटेसाठी दशम्यांचा डबा दिला. दोन महिन्यांनी तो कुरिअरने परत आला. डबा रिकामा पाठवू नये म्हणून आत मेतकूट.

आता दर रविवारी सासू म्हणते, "जरा चालू कर गं." किक मारायचं काम माझं. हात काळे होतात, ऑइल उडतं, म्हणून खाली जाताना मी काकांचा ड्रेस चढवते. मशीनचा आहे, डागांचं वाईट वाटत नाही.

परवा काकांचा फोन आला. "ड्रेस घालतेस की नाही?"

"दर रविवारी, काका."

पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.